घरातला एक चतुर्थांश : वाटपाचा दावा कसा मांडावा

वडील मृत्युपत्र न करता गेले, की त्यांच्या घरावर सगळ्या वारसांचा हक्क त्याच क्षणी लागतो. त्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही, आणि मिळकत पत्रिकेवर नाव चढले नाही म्हणून तो हक्क जातही नाही. तरीही कित्येक बहिणी आणि दिराच्या घरात राहणाऱ्या विधवा भावजया वर्षानुवर्षे समजत असतात, की सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर थोरल्याचे नाव आहे म्हणजे घर त्याचे झाले. तो उतारा आणि घरपट्टीची पावती यांवरून सरकारने किंवा नगरपालिकेने कोणाकडे पाहायचे एवढेच ठरते. मालकी ठरते ती वारसा कायद्याने. मात्र कायद्याने मिळालेला हिस्सा आणि हातात आलेला हिस्सा यांच्यामध्ये एक दिवाणी दावा उभा असतो. तो नीट मांडला नाही, तर कागदावर हक्क शाबूत राहतो आणि राहायला खोली मिळत नाही.

एक कल्पित पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. साताऱ्यासारख्या गावातल्या एका पेठेत वडिलांनी 1974 मध्ये जागा विकत घेतली आणि स्वतःच्या पगारातून दुमजली घर बांधले. खाली रस्त्याच्या बाजूला एक दुकानगाळा, मागे दोन खोल्या. वर तीन खोल्या, एकच जिना, मागच्या अंगणात संडास आणि बोअर. मुले चार: थोरला, मधला, धाकटा आणि एक मुलगी. मधला 2006 मध्ये अपघातात गेला. मागे बायको आणि एक मुलगी. वडील 2011 मध्ये गेले, मृत्युपत्र न करता. आई 2018 मध्ये गेली. वर थोरला राहतो, मागच्या खोल्यांत धाकटा, गाळ्याचे भाडे थोरला घेतो. बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी आहे, मधल्याची बायको माहेरी. आता बहिणीला तिचा हिस्सा हवा आहे.

पहिला प्रश्न असा, की हे घर कोणत्या प्रकारचे. बोलताना आपण वारशाने आलेल्या सगळ्याच घरांना वडिलोपार्जित म्हणतो आणि दाव्यातही तसेच लिहून टाकतो. कायद्याला तेवढ्याने भागत नाही. घर आजोबा-पणजोबांपासून एकत्र कुटुंबात चालत आले असेल, तर त्यात मुलामुलींचा जन्मतः हक्क असतो. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही मुलाइतकीच सहदायाद आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. पण वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेले घर त्यांच्या मृत्यूनंतर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे वारसांकडे जाते, आणि ज्याच्या-त्याच्या हातात ते त्याची स्वतंत्र मालमत्ता होते. चंदर सेन प्रकरणात 1986 मध्ये हे ठरले. याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. आपल्या उदाहरणात थोरल्याची मुले 'आमचाही जन्मतः हिस्सा आहे' म्हणून पुढे येऊ शकत नाहीत. बाप हयात असताना त्यांना या घरात काही नाही. म्हणून दाव्यात 1974 चे खरेदीखत दाखल करून मिळकत स्वकष्टार्जित होती असे स्पष्ट लिहायचे. दोन्ही प्रकार एकाच परिच्छेदात मिसळले, की प्रतिवादीच्या वकिलाला उलटतपासणीत आयते साधन मिळते.

आता हिस्से. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्या पैशांत मोजाव्या लागतात.

वडील 2011 मध्ये गेले तेव्हा पहिल्या वर्गातले वारस होते बायको, दोन हयात मुलगे, मुलगी आणि आधीच वारलेल्या मधल्याची शाखा. म्हणजे पाच वाटे, प्रत्येकी 1/5. मधल्याच्या 1/5 मध्ये त्याची बायको आणि मुलगी सारख्या, म्हणून प्रत्येकी 1/10. पुढे 2018 मध्ये आई गेली आणि तिचा 1/5 मोकळा झाला. आईचा वारसा वेगळ्या कलमाने जातो, कलम 15 ने. त्यात मुलगे, मुली आणि आधी वारलेल्या मुलाची मुले येतात. वारलेल्या मुलाची बायको, म्हणजे सून, येत नाही. त्यामुळे आईच्या 1/5 चे चार भाग झाले: थोरला, धाकटा, बहीण आणि नात, प्रत्येकी 1/20.

बेरीज करून पाहा. थोरला 1/5 अधिक 1/20, म्हणजे 1/4. धाकटा 1/4. बहीण 1/4. मधल्याची बायको 1/10. तिची मुलगी 1/10 अधिक 1/20, म्हणजे 3/20. सगळे मिळून बरोबर एक. मधल्याच्या घराला एकूण 1/4 जातो हे खरे, पण मायलेकींत तो निम्मा-निम्मा नाही. तरी अशा दाव्यात सहज 'प्रत्येकी 1/8' लिहिले जाते. घराची किंमत 60 लाख धरली, तर मुलीच्या वाट्याचे 9 लाख आणि आईच्या वाट्याचे 6 लाख असताना दोघींना साडेसात-साडेसात लाख लावले जातात. आज मायलेकी एकत्र आहेत म्हणून कोणी बोलत नाही. उद्या मुलीचे लग्न झाले आणि आईचे दुसरे वारस उभे राहिले, की हाच आकडा नव्या भांडणाचे मूळ होतो.

मृत्यूंचा क्रम बदलला की सगळे अपूर्णांक बदलतात. समजा मधला 2006 ऐवजी 2014 मध्ये, म्हणजे वडिलांनंतर आणि आईच्या आधी गेला असता. मग त्याला 2011 मध्ये स्वतःचा 1/5 मिळालेला होता. तो त्याच्या वारसांत जातो, आणि मुलाची आई ही त्याच्या बायको-मुलीइतकीच पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणून त्या 1/5 चे तीन भाग, प्रत्येकी 1/15. आईकडे आता 1/5 अधिक 1/15, म्हणजे 4/15 झाले, आणि 2018 मध्ये ते चौघांत 1/15 प्रमाणे वाटले गेले. शेवटी थोरला, धाकटा आणि बहीण प्रत्येकी 4/15, मधल्याची बायको 1/15, तिची मुलगी 2/15. बहिणीचा वाटा 15 लाखांवरून 16 वर गेला, आणि विधवेचा 6 लाखांवरून 4 वर आला. घर तेच, माणसे तीच, बदलली फक्त एक तारीख. म्हणून वकिलाकडे जाताना खरेदीखत आणि उताऱ्याबरोबर प्रत्येक मयत व्यक्तीचा मृत्यूचा दाखला न्यावा, आणि दाव्यात वंशावळ देताना प्रत्येक मृत नावासमोर तारीख लिहावी. तारखेविना दिलेल्या वंशावळीवरून कोणालाच हिस्सा काढता येत नाही.

दाव्यात कोणाला सामील करायचे हे त्या वंशावळीतूनच ठरते. एकही हिस्सेदार बाहेर ठेवायचा नाही, मग तो आपल्या बाजूचा असो वा विरुद्ध. बहिणीला वाटते, वहिनीशी माझे भांडण नाही, तिला कशाला कोर्टात ओढू. पण वाटप एकदा झाले की ते सगळ्यांवर बंधनकारक असायला हवे. आवश्यक पक्षकार सोडला तर दावा त्याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो. आणि वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी असणे म्हणजे विरोधक असणे नव्हे. या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार एका अर्थी वादीच असतो. वहिनी आणि भाची कैफियतीत बहिणीचा हिस्सा मान्य करून आपलाही वेगळा करून मागू शकतात. त्यासाठी त्यांच्या हिश्श्यापुरते कोर्ट फी मुद्रांक लावावे लागतात. मिळकतींच्या बाबतीतही तोच नियम. त्याच वारशातली दुसरी जागा किंवा गावाकडची जमीन असेल, तर तीही दाव्यात घ्यावी, नाहीतर अपुऱ्या वाटपाची हरकत येते.

मिळकतीचे वर्णन घर नंबरावर भागवू नये. सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर चतुःसीमा, मजले, खोल्या, जिना, गाळा आणि त्यातला भाडेकरू हे सगळे असावे, आणि एक हातनकाशा जोडावा. गाळ्याचे भाडे थोरला घेत असेल, तर त्याचा हिशेब याच दाव्यात मागायचा. भाडेकरू मात्र वाटपाने बाहेर जात नाही. ज्याच्या वाट्याला गाळा येईल, त्याला तो भाडेकरूसकट मिळतो.

मग येते मागणी. अनेक दाव्यांत 'वादीचा 1/4 हिस्सा आहे असे ठरवून मिळावे' एवढेच लिहिलेले असते. तेवढा हुकूम मिळाला, तर बहिणीच्या हातात एक अपूर्णांक पडतो. सातारा-सांगलीकडच्या कोर्टांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेले वाक्य पुरे काम करते: 'दावा मिळकतीचे सरस-निरस मानाने वाटप होऊन वादीस तिच्या 1/4 हिश्श्याचा स्वतंत्र व प्रत्यक्ष कब्जा मिळावा.' सरस-निरस मानाने याचा अर्थ नुसते चौरस फूट मोजायचे नाहीत. रस्त्याकडचा गाळा आणि मागची अंधारी खोली यांची किंमत सारखी नसते, ती जमेस धरायची. या एका वाक्यात हिस्सा, वाटप आणि ताबा तिन्ही येतात. त्याच्या जोडीला, दाव्याचा निकाल लागेपर्यंत घर विकू, गहाण टाकू किंवा पाडू नये असा तूर्तातूर्त मनाई हुकूम मागावा. महाराष्ट्रात आणखी एक काम लगोलग करावे. दावा प्रलंबित असल्याची नोटीस, जिला वकील मंडळी लिस पेन्डन्सची नोटीस म्हणतात, ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. इथल्या दुरुस्तीमुळे ती नोंद झाल्याशिवाय दावा चालू असताना घर घेणाऱ्यावर दाव्याच्या निकालाचे बंधन सांगणे अवघड जाते.

थोरल्याच्या कैफियतीत साधारण काय येईल हे आधीच ओळखता येते. 'वर मी एकटा राहतो, मी घरपट्टी भरली, मी दुरुस्त्या केल्या.' सहहिस्सेदाराचा ताबा कायद्याने सगळ्यांच्या वतीने धरला जातो. त्याने इतरांना कळेल अशा उघड रीतीने त्यांचा हक्क नाकारला असेल आणि त्यानंतर 12 वर्षे गेली असतील, तरच मुदतीचा प्रश्न येतो. आणि ते सिद्ध करायची जबाबदारी त्याची. नुसते एकटे राहणे पुरत नाही. म्हणून बहिणीनेही सावध राहावे: 'तुझा इथे काही संबंध नाही' असे लेखी पत्र किंवा नोटीस आली असेल, तर त्या तारखेपासून घड्याळ सुरू झाले असे समजून वेळ घालवू नये. 'तिच्या लग्नात खर्च केला' हा बचाव वारशात टिकत नाही. 'तिने हक्क सोडला' म्हणत असतील, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठे आहे हे विचारावे. साध्या कागदावरच्या किंवा तलाठ्यासमोरच्या जबाबाने स्थावरातला हिस्सा सुटत नाही. आणि अचानक मृत्युपत्र पुढे आले, तर ते साक्षीदाराकडून सिद्ध करावे लागते. नुसते दाखल करून चालत नाही.

पूर्वी बहिणीची वाट आणखीच अडलेली होती. कलम 23 मुळे कुटुंब राहत असलेल्या घराचे वाटप मुलींना, पुरुष वारस वाटप करायला तयार होईपर्यंत, मागताच येत नसे. ते कलम 2005 मध्ये रद्द झाले. आजही 'राहत्या घरात बहिणीला मागता येत नाही' असे ठामपणे सांगणारे भेटतात. ते त्या गेलेल्या कलमाचा हवाला देत असतात.

पुरावा झाला, निकाल लागला, की मिळतो तो प्राथमिक हुकूमनामा. यात फक्त हिस्से ठरतात. कित्येक कुटुंबे इथे पेढे वाटून घरी जातात आणि फाइल बंद होते. वास्तविक घराचे वाटे, मोजमाप, ताबा हे सगळे यानंतरचे. कोर्ट कमिशनर नेमला जातो. तो मोजणी करतो, किंमत काढतो, वाटे पाडून नकाशासह अहवाल देतो. त्यावर हरकती घेता येतात. मग कोर्ट अंतिम हुकूमनामा करते. दरम्यान कोणी वारले, तर नवे हिस्से धरून आणखी एक प्राथमिक हुकूमनामाही होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच मान्य केले आहे. पक्षकार मयत झाल्यास वारस 90 दिवसांत अभिलेखावर आणायचे असतात, ते विसरू नये. अंतिम हुकूमनाम्यासाठी नवा दावा लागत नाही. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कोर्टाने स्वतःहून प्रकरण पुढच्या टप्प्यासाठी ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले आहे. तरी प्रत्यक्षात आपल्या वकिलाने अर्ज देऊन तारीख धरून ठेवलेली बरी.

आता आपल्या घराकडे पाहा. एकच जिना, एकच संडास, एकच बोअर. कमिशनरने चार तुकडे पाडले, तर एकाही तुकड्यात माणूस नीट राहणार नाही. कमिशनरने घर वाटण्याजोगे नाही असा अहवाल दिला, की पुढची पायरी महत्त्वाची, आणि इथे घाई महागात पडते.

1893 चा वाटप कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम 2 प्रमाणे, ज्यांचे हिस्से मिळून निम्मे किंवा त्याहून जास्त आहेत त्यांनी विनंती केली, तर वाटपाऐवजी विक्री करून पैसे वाटण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकते. बहिणीचा 1/4, वहिनीचा 1/10 आणि भाचीचा 3/20 मिळून बरोबर निम्मे होतात, म्हणजे या तिघी एकत्र आल्या तर विक्री मागू शकतात. एकटी बहीण नाही मागू शकत. पण कलम 3 लगेच पाठोपाठ येते. विक्री मागणाऱ्यांचे हिस्से आम्ही मूल्यांकनाने घेतो असा अर्ज दुसऱ्या हिस्सेदारांनी केला, तर कोर्ट किंमत काढून ते हिस्से त्यांनाच देऊ करते. म्हणजे विक्री मागणारा लिलावात उतरण्याऐवजी स्वतःचा हिस्सा देऊन मोकळा होतो. थोरला आणि धाकटा असा अर्ज करतील, तर तिघींना 60 लाखांच्या निम्मे, म्हणजे 30 लाख मिळतील आणि घर भावांचे राहील. तिघींना पैसेच हवे असतील, तर हा चांगला मार्ग आहे. पण बहिणीला घरात जागा हवी असेल, तर तिने विक्रीची विनंती करूच नये. तिने कमिशनरसमोर मागच्या खोल्या आपल्याला द्याव्यात आणि किमतीतला फरक इकडून तिकडे रोख द्यावा, असा प्रस्ताव नकाशासह ठेवावा. कलम 2 चा अर्ज एकदा दिला आणि समोरून कलम 3 चा अर्ज आला, की सोयीप्रमाणे माघार घेता येत नाही.

किमतीवर बारीक लक्ष ठेवावे. मूल्यांकन दुकानगाळ्याच्या बाजारभावाने होते आहे की रेडी रेकनरच्या दराने, वर बांधता येण्याजोगे क्षेत्र धरले आहे का, हे तपासून हरकत लेखी घ्यावी. घराच्या किमतीत 8 लाखांचा फरक पडला तर बहिणीच्या वाट्यात 2 लाखांचा पडतो.

धाकट्याने दाव्याआधी आपला 1/4 एखाद्या बिल्डरला विकला, तर काय होईल हेही लोक विचारतात. तो विकू शकतो; पण परक्या घेणाऱ्याला कुटुंबाच्या राहत्या घरात घुसून एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा केला, तर कुटुंबातला हिस्सेदार वाटप कायद्याच्या कलम 4 प्रमाणे त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला घेऊ शकतो. घाबरून त्या बिल्डरला उरलेले हिस्से स्वस्तात देणे हा यावरचा उपाय नाही.

हे सगळे महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबाला धरून आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत वारसांचे अंश वेगळे निघतात, दाव्याची रीत मात्र बरीचशी हीच राहते. गोव्यात तर वाटच वेगळी आहे. तिथे वारशाची विभागणी इन्व्हेंटरीच्या कार्यवाहीतून होते आणि वारसांमध्ये आपसात बोली लागते.

सगळे हिस्सेदार एकमेकांशी बोलत असतील, तर लोकअदालतीत तडजोड करून तोच हुकूमनामा फार कमी वेळात घेता येतो, आणि कोर्ट फीही परत मिळते. तडजोडीतही वर काढलेले अपूर्णांक कागदावर आधी मांडावेत. आपण किती सोडतो आहोत हे प्रत्येकाला कळले पाहिजे.

शेवटची गोष्ट, जी बहुतेकांना कोणी सांगत नाही. अंतिम हुकूमनामा हा वाटणीपत्रासारखाच दस्त असतो, म्हणून त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ते भरल्याशिवाय हुकूमनाम्याची पक्की प्रत होत नाही आणि ताब्याची दरखास्त चालत नाही. पण दरखास्तीची 12 वर्षांची मुदत मुद्रांक भरल्याच्या दिवसापासून नव्हे, अंतिम हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ठरवले आहे. तेव्हा अंतिम हुकूमनामा झाला, की त्याच महिन्यात मुद्रांक भरा, प्रत काढा, ताब्याची दरखास्त लावा आणि सिटी सर्व्हे कार्यालयात आपले नाव लावून घ्या.